एका रात्रीत तीनशे मेल! पत्ता फुटलाय म्हणे. आता नेमकं काय बदलू?

कृषीकेंद्र_दारव्हा · बुधवार, सकाळी ८:१२

नमस्कार मंडळी. दारव्ह्यापासून दहा-बारा किलोमीटरवर माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. २०१३पासून जीमेलचा एकच पत्ता वापरतो. कंपन्यांची बिलं, जीएसटीवाल्या सीएचे निरोप, पोराच्या कॉलेजचं, सगळं त्याच्यावरच येतं. स्पॅम म्हणाल तर रोजचे चार-पाच, तेही आपोआप स्पॅमच्या खणात पडायचे.

काल रात्री दहानंतर मोबाईल नुसता थरथरत होता. मला वाटलं व्हॉट्सॲपवर कापसाच्या भावाची हाणामारी चालली असेल, म्हणून उलटा करून झोपलो. सकाळी पाहतो तर ३१२ मेल! जर्मन, स्पॅनिश, एक-दोन तर कोणत्या लिपीत आहेत तेच कळेना. सगळ्यांचा मजकूर सारखाच, Welcome, Confirm your subscription. कुठलं तरी कुत्र्यांच्या खाद्याचं दुकान, कुठली तरी सायकल क्लबची बातमीपत्रं. मी आयुष्यात यातल्या एकाचंही नाव ऐकलेलं नाही.

भाच्याने haveibeenpwned.com वर पत्ता टाकायला सांगितलं. टाकला तर तीन ठिकाणी फुटलाय असं दाखवतं. वीस-पंचवीस मेलवर अनसबस्क्राईब दाबलं, काही फरक नाही. आता पत्ताच बदलावा का? दुकानाच्या पावतीपुस्तकावर, बोर्डावर तोच छापलेला आहे.

---

वऱ्हाडी_गडी · सकाळी ८:४०

भाऊ, एकदा पत्ता फुटला का खेळ खतम समजा. नवीन आयडी काढा, जुना डिलीट मारा. म्या मागच्या साली असंच केलं. आता एक स्पॅम येत नाही. कायले डोकं पिकवता?

---

नीलिमा_अमरावती · सकाळी ९:०५

डिलीट अजिबात करू नका. निदान आज तरी नाही.

मी एका बँकेच्या संगणक विभागात बारा वर्षं होते, म्हणून थोडं ठामपणे लिहिते. पत्ता कुठल्या तरी चोरीच्या यादीत गेला की स्पॅम वाढतो, पण तो हळूहळू. आज पाच, महिन्याने बारा. त्यात कर्ज, लॉटरी, औषधं असा माल असतो. एका रात्रीत तीनशे, तेही खऱ्याखुऱ्या दुकानांची आणि क्लबांची नोंदणीची पत्रं, हा प्रकार वेगळा आहे. कोणीतरी यंत्राने तुमचा पत्ता शेकडो साइटवरच्या बातमीपत्राच्या रकान्यात टाकलाय. त्या साइटवाल्यांचा काही दोष नाही. त्यांना वाटतं तुम्हीच नाव दिलं.

हे कोणी गंमत म्हणून क्वचितच करतं. बहुतेक वेळा एखादं खरं पत्र तुमच्या नजरेआड राहावं म्हणून हा भुसा ओतलेला असतो. ऑर्डर झाली, पासवर्ड बदलला, नवीन मोबाईलवरून लॉगिन झालं, असं एखादं पत्र. तुम्ही भुसा उपसत बसता आणि तोवर त्याचं काम होतं.

म्हणून अनसबस्क्राईब करणं आत्ता थांबवा. 'कन्फर्म' वर तर चुकूनही बोट ठेवू नका. नीट चालवलेल्या बऱ्याच साइट तुम्ही होकार दिला नाही तर पुढे काही पाठवत नाहीत, त्यांना गप्प ठेवलं की त्या गप्प राहतात. आधी तो एक दाणा शोधा. जीमेलच्या शोधाच्या पट्टीत हे जसंच्या तसं टाका:

```
in:anywhere newer_than:3d (order OR otp OR password OR payment OR "gift card" OR "sign-in")
```

in:anywhere लिहिलं की स्पॅम आणि ट्रॅशमध्येही शोधतं. कुत्र्यांच्या खाद्यवाल्यांची काही पत्रं यातही येतील, ती सोडा. ज्या दुकानात, बँकेत, वॉलेटमध्ये तुमचं खरंच खातं आहे त्याच नावावर नजर ठेवा. सापडलं की वेळ लिहून घ्या.

---

आशा_मूर्तिजापूर · सकाळी ९:२०

मलाही हाच त्रास! दिवसातून दहा फोन, 'मॅडम, लोन पाहिजे का?' त्या साइटवर मी माझा मोबाईल नंबर टाकला तर काहीच दाखवत नाही. म्हणजे माझा नंबर फुटला नाही ना?

---

नीलिमा_अमरावती · सकाळी ९:३१

आशाताई, तुमचा विषय वेगळा आहे. ती साइट मुख्यतः ईमेल पत्त्यांसाठी आहे. मोबाईल नंबर टाकून काही आलं नाही यावरून काहीच ठरत नाही. जाहिरातीचे फोन बंद करायला १९०९ वर फोन करून नंबर डीएनडीत घाला. फसवणुकीचा वाटणारा फोन असेल तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' आहे, तिथे कळवता येतो. पण लोनवाले डीएनडीलाही भीक घालत नाहीत हा माझाही अनुभव आहे.

---

कृषीकेंद्र_दारव्हा · सकाळी १०:०२

मॅडम, सापडलं. हात कापतायत लिहिताना.

रात्री १०:४७ ला एका खरेदीच्या ॲपचं पत्र: नवीन मोबाईलवरून लॉगिन झालं. १०:५२ ला दुसरं: एक-एक हजाराची चार गिफ्ट कार्डं घेतली, वॉलेटमधून ४,००० वजा. आणि पहिलं कुत्र्यांच्या खाद्याचं पत्र १०:४१ चं आहे. म्हणजे आधी भुसा, मग चोरी! वॉलेटमध्ये ४,३५० होते, रब्बीच्या फवारणी पंपाचा परतावा आला होता. ओटीपी वगैरे काही आला नाही. दोन्ही पत्रं इनबॉक्समध्येच होती, ३१२ मध्ये गाडलेली.

---

वऱ्हाडी_गडी · सकाळी १०:०६

अरे बापा! ओटीपी न येता पैसे कसे गेले?

---

नीलिमा_अमरावती · सकाळी १०:१५

कार्डाने पैसे देताना ओटीपी लागतो. ॲपच्या स्वतःच्या वॉलेटमधली शिल्लक खर्च करायला बऱ्याच ठिकाणी लागत नाही, नुसतं आत शिरलं की झालं. आणि गिफ्ट कार्ड का? कारण ते घरी पोचवावं लागत नाही. कोड मिळाला की दुसरीकडे लगेच वापरता येतो.

आता क्रम असा ठेवा. आधी १९३० ला फोन करा, ही सायबर आर्थिक फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. लागला नाही तर cybercrime.gov.in वर तक्रार टाका. त्यानंतर खरेदीच्या ॲपमध्ये आतूनच 'मदत' उघडून त्यांना कळवा. गुगलवर त्यांचा कस्टमर केअर नंबर शोधू नका, तिथे दुसरा चोर टपून बसलेला असतो. त्या ॲपचा पासवर्ड बदला आणि 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर काढा' असं काही असेल तर ते दाबा.

हे झालं की परत या, मग मेलकडे बघू. एक खरं सांगा, त्या ॲपचा आणि जीमेलचा पासवर्ड एकच होता का?

---

कृषीकेंद्र_दारव्हा · सकाळी ११:३५

१९३० लागला, चौथ्या वेळी. तक्रारीचा नंबर मिळाला. ॲपवाल्यांनी ४८ तासांत कळवतो म्हटलंय. पासवर्ड बदलला.

आता खरं सांगतो. एकच म्हणता येणार नाही, पण जवळपास. कपाशीच्या एका वाणाचं नाव आणि दुकान उघडलं ते साल. खरेदीच्या ॲपला तेवढंच. जीमेलला त्याच्यापुढे @1. पोरगा पुण्याला शिकत होता तेव्हा त्याने माझ्या पत्त्यावर किराणा मागवायचं एक ॲप उघडलं होतं, तिथेही त्याने तोच पासवर्ड ठेवला होता, @1 शिवाय. आत्ता फोन करून विचारलं तेव्हा कबूल झाला.

---

नीलिमा_अमरावती · दुपारी १२:१०

बहुतेक वाट सापडली. त्या साइटवर तुमच्या पत्त्याखाली ज्या तीन नोंदी आहेत, त्यातली प्रत्येक उघडा आणि Compromised data पुढे काय लिहिलंय ते इथे टाका. पुष्कळ लोक नुसता लाल रंग बघून घाबरतात आणि कामाची ओळ वाचतच नाहीत.

---

कृषीकेंद्र_दारव्हा · दुपारी १२:२८

पहिली, तेच किराण्याचं ॲप: Email addresses, Names, Passwords, Phone numbers, Physical addresses.

दुसरी, जेवण मागवायचं ॲप (हेही पोराचंच!): ईमेल, नाव, फोन, पत्ता. पासवर्डचा उल्लेख नाही.

तिसरीला कंपनीचं नावच नाही. कुठलीशी मोठी यादी आहे म्हणे, ईमेल आणि पासवर्डची.

---

नीलिमा_अमरावती · दुपारी १:०५

जेवल्यावर निवांत लिहिते.

दुसरी नोंद आधी बाजूला काढू. तिथून पासवर्ड गेला नाही, म्हणजे त्या नोंदीसाठी बदलण्यासारखं काहीच नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, तुमचं नाव, फोन आणि पुण्याचा पत्ता माहीत असलेला माणूस 'तुमचं पार्सल अडकलंय' म्हणून फोन करू शकतो. त्याला नाव माहीत आहे म्हणून तो खरा ठरत नाही.

पहिली खरी. पासवर्ड गेले असं लिहिलं तरी शहाण्या कंपनीकडे ते उघडे लिहिलेले नसतात. गिरणीत दळल्यासारखे पीठ करून ठेवलेले असतात, पिठाचा परत गहू करता येत नाही. पण चोर उलट करतो. तो स्वतः करोडो शब्द दळतो आणि कोणतं पीठ तुमच्याशी जुळतं ते बघतो. काही कंपन्या इतकं भरड दळतात की हे काम एकदम सोपं होतं. वाणाचं नाव आणि साल असला पासवर्ड अशा दळणात टिकत नाही.

तिसरी यादी अशाच ठिकठिकाणच्या चोऱ्यांची गोळाबेरीज. तिचा स्रोत सांगता येत नाही म्हणून नाव नाही. २०१९ च्या जानेवारीत Collection #1 नावाची अशी यादी बाहेर आली होती, तिच्यात ७७ कोटींहून जास्त पत्ते होते. चोर अशी यादी घेतो आणि तीच जोडी यंत्राने दुसऱ्या दुकानांच्या दारावर लावून बघतो. तुमच्या खरेदीच्या ॲपवर ती लागली. आत शिरलेला माणूस काही तुमचा शत्रू नव्हे, त्याच्या लेखी तुम्ही यादीतली एक ओळ.

तारखांनी गोंधळू नका. चोरी होते एकदा आणि बाजारात येते कधीही. लिंक्डइनची चोरी २०१२ ची, पण एवढा मोठा साठा लोकांसमोर आला २०१६ मध्ये. म्हणून 'ते ॲप तर तीन वर्षांपूर्वीच काढून टाकलं' याला अर्थ नाही. मोबाईलवरून ॲप काढल्याने त्यांच्याकडचं तुमचं खातं मिटत नाही.

---

वऱ्हाडी_गडी · दुपारी १:२०

मंग जीमेलमध्ये पण घुसला असंन ना तो?

---

नीलिमा_अमरावती · दुपारी १:३८

बरोबर प्रश्न. मला वाटतं नाही, आणि कारण त्या तीनशे मेलमध्येच आहे. तो जीमेलमध्ये असता तर भुसा ओतायची गरज काय होती? दोन पत्रं सरळ पुसली असती. पण हा अंदाज झाला, आणि @1 ओळखणं फार कठीण नाही. दळणारे लोक शेवटी 1, 123, @1 लावून बघतातच. तेव्हा तपासा.

संगणकावर जीमेल उघडा. मोबाईलच्या ॲपमध्ये हे दिसत नाही. संगणक नसेल तर क्रोममध्ये Desktop site वर खूण करून उघडा. Settings, मग See all settings. तिथे Filters and Blocked Addresses बघा. तुम्ही न केलेला एखादा नियम, उदाहरणार्थ 'bank शब्द असलेली पत्रं सरळ पुसा', दिसला तर कोणीतरी आत आहे. शेजारच्या Forwarding and POP/IMAP मध्ये अनोळखी पत्ता नाही ना ते बघा. पासवर्ड बदलल्यावरही हे दोन्ही तसेच राहतात, आणि बहुतेक जण नेमकं इथे बघत नाहीत. मग myaccount.google.com/security वर Your devices. ओळखीचं नसेल ते बाहेर काढा.

हे बघून मग पासवर्ड बदला. जुन्याला शेपूट जोडू नका, पूर्ण नवा करा. चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले शब्द चालतील, पण ते तुमच्या दुकानाच्या फळीवर दिसणारे नकोत.

---

सेतू_चिमूर · दुपारी २:१५

राजेहो, मी सेतू केंद्र चालवतो. हा धागा वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या ऐंशी लोकांकडे ईमेल नसतो. फॉर्मला तर तो रकाना सक्तीचा. मंग काय, आम्ही आमचाच टाकतो. पीक विमा, शिष्यवृत्ती, कायनकाय. पाच-सहाशे लोकांच्या फॉर्मवर माझाच पत्ता असंन. तो आत्ता टाकून पाहिला. पाच ठिकाणी फुटला. एका नोंदीत 'Stealer logs' असं काहीतरी लिहिलंय. पासवर्ड लगेच बदलला मी, केंद्राच्या संगणकावरूनच. झालं ना?

---

नीलिमा_अमरावती · दुपारी २:४०

दादा, ही नोंद दारव्हेकरांच्या तिन्हींपेक्षा वाईट आहे. बाकीच्यांत चोरी कंपनीच्या घरात झाली. यात चोरी बहुधा तुम्ही वापरलेल्या एखाद्या संगणकावर झाली. त्यात एक किडा शिरतो, तुम्ही कुठल्या साइटवर काय टाइप केलं ते, आणि ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड, सगळं उचलून पाठवतो. किडा अजून तिथेच असेल तर तुम्ही दुपारी बदललेला पासवर्डही त्याला मिळाला.

एक विचारते, राग मानू नका. त्या संगणकावर पासपोर्ट फोटो काढायचं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकलंय का?

---

सेतू_चिमूर · दुपारी २:४४

...हाव. फोटोचं पण, अन् मराठी टायपिंगचं पण. क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करा म्हणून त्यातच लिहिलं होतं. केला बंद.

---

नीलिमा_अमरावती · दुपारी ३:०२

मग आत्ता मोबाईलवरून, त्या संगणकाला हात न लावता, पासवर्ड पुन्हा बदला आणि सगळी उपकरणं बाहेर काढा. बाहेर काढणं महत्त्वाचं आहे, कारण असले किडे 'हा आधीच लॉगिन झालेला आहे' ही ब्राउझरची खूणही चोरतात. त्या खुणेने पासवर्ड न लावता आत येता येतं. संगणकाचं विंडोज नव्याने टाका. नुसतं स्कॅन केलं आणि 'काही नाही' आलं, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. तोवर त्यावरून बँकेचं आणि कोणाच्या फॉर्मचं काम नको.

---

सेतू_चिमूर · दुपारी ३:१०

उद्या लोकं दाराशी उभे राहतीन. संगणक एकच आहे. बघतो.

अन् त्या पाचशे लोकांच्या फॉर्मवरचा पत्ता कसा बदलायचा? प्रत्येकाचा आधार ओटीपी लागते, ते तर वावरात असतात.

---

बीसीए_पुसद · दुपारी ४:३०

मी पुसदला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच साइटवर पासवर्डही तपासता येतो, Pwned Passwords म्हणून. मी माझा तपासला, एकदाही सापडला नाही. म्हणजे तो सेफ आहे. दादा, तुम्ही पण बघा तुमचा वाणवाला.

---

वऱ्हाडी_गडी · दुपारी ४:३६

पासवर्ड कोण्या साइटवर टाकते का बे कोणी? हेच तर चोरायले पाहिजे असते त्यायले!

---

बीसीए_पुसद · दुपारी ४:५०

म्हणूनच मी साइटवर टाकला नाही. पासवर्डचा SHA-1, म्हणजे मॅडमनी सांगितलेलं तेच पीठ, स्वतःच काढतो, ४० अक्षरं येतात. त्यातली पहिली पाचच पाठवायची. तिकडून त्या पाचांनी सुरू होणाऱ्या शेकडो ओळी येतात, उरलेली ३५ आपण आपल्या घरी जुळवायची. त्यांना कधीच कळत नाही मी कोणता बघितला. मी असं केलं:

```
echo 'password' | sha1sum
```

उदाहरण म्हणून इथे password लिहिलाय. खरं तर हा तर लाखो वेळा सापडायला पाहिजे होता, पण यादीत नाही आला. मला वाटलं यादीच जुनी असेल.

---

नीलिमा_अमरावती · संध्याकाळी ५:२०

यादी नाही, echo चुकवतंय. ते शेवटी एक अदृश्य 'नवी ओळ' चिकटवतं, म्हणून तू password चं नाही, password अधिक एन्टरचं पीठ केलंस. ते कुठेच सापडणार नाही. असं कर:

```
printf '%s' 'password' | sha1sum
```

आता `5baa61e4c9b93f3f0682250b6cf8331b7ee68fd8` यायला हवं. पहिली पाच घेऊन `https://api.pwnedpasswords.com/range/5BAA6` उघड आणि `1E4C9B93` ने सुरू होणारी ओळ शोध. तिच्यापुढचा आकडा म्हणजे चोरीच्या साठ्यात तो किती वेळा दिसला. तुझा खरा पासवर्डही याच रीतीने पुन्हा बघ. मघाचं 'सेफ' खोटं होतं.

वऱ्हाडी दादांची शंका मात्र चुकीची नाही. साइटच्या रकान्यात टाइप केलं तरी ब्राउझर हेच पाच अक्षरांचं काम करतो, पण नावात एक अक्षर इकडेतिकडे असलेली नकली साइट उघडली तर गेलं. ज्यांना हे नको त्यांनी passwords.google.com वर Password Checkup चालवावं, क्रोममध्ये जपलेले पासवर्ड ते एकदम तपासतं.

---

बीसीए_पुसद · संध्याकाळी ५:४१

मॅडम, सापडला. १४ वेळा. 😶

---

कृषीकेंद्र_दारव्हा · संध्याकाळी ७:१५

दुकान बंद करून गच्चीवर आलो, इथेच रेंज नीट मिळते. फिल्टर रिकामे, फॉरवर्डिंग बंद, डिव्हाइसमध्ये माझा मोबाईल, दुकानाचा संगणक आणि पोराचा जुना मोबाईल. तो काढला. नवीन पासवर्ड केला.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, मी कधी पत्ता बिंदू देऊन लिहितो (आडनावाआधी), कधी बिंदूशिवाय. मेल दोन्हीकडून येतो. बिंदूवाला टाकून पाहिला तर चौथीच नोंद आली! हे दोन पत्ते आहेत का?

दुसरं, पुढे ओटीपीची दुहेरी पायरी लावायला गेलो तर जुन्या सिमचा नंबर लावलेला आहे. ते सिम २०१८ मध्ये फेकलं.

---

नीलिमा_अमरावती · रात्री ८:००

जीमेल बिंदू मोजत नाही, तुमच्यासाठी दोन्ही एकच. पण चोरीच्या यादीत पत्ता जसा फॉर्मवर लिहिला तसाच पडलेला असतो आणि ती साइट तंतोतंत तोच शोधते. म्हणून जितक्या रीतीने लिहिला तितक्या रीतीने शोधा. याचा फायदाही घेता येतो. पुढे कुठे नवं खातं काढाल तर नावापुढे +bima, +kirana असं लावा, मेल तुमच्याकडेच येईल, आणि स्पॅम कोणत्या शेपटीवर आला ते बघून कोणी फोडलं ते कळेल. अडचण अशी की बरेच फॉर्म + घेतच नाहीत, आणि हुशार स्पॅमवाला शेपूट कापून टाकतो. मी वापरते, पण याच्या भरवशावर राहत नाही.

आणि नाव सापडलं नाही म्हणजे फुटलं नाही, असंही समजू नका. जे साठे त्या साइटवाल्यापर्यंत पोचले, तेवढेच तिथे दिसतात. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये ती सुरू केली, अजून चालवतो. तिथे Notify me वर पत्ता नोंदवून ठेवा, पुढच्या वेळी तोच मेल करेल.

सिमचा विषय आज रात्रीच मिटवा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे तुमच्या जीमेलची एक किल्ली आज कदाचित अमरावतीच्या एखाद्या पोराच्या खिशात असेल, त्याला पत्ताही नसेल. तो नंबर काढा, चालू टाका. तुमच्याकडे रेंज गच्चीवरच येते म्हणता, तर एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं, ते रेंज नसतानाही आकडा दाखवतं. फक्त मोबाईलची वेळ आपोआप जुळणारी ठेवा, मागेपुढे झाली की आकडे नाकारले जातात. गुगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे. ते उधारीच्या वहीत नका लिहू, ती सगळं गाव चाळतं.

---

वऱ्हाडी_गडी · रात्री ८:२२

मॅडम, मी जुना आयडी डिलीट केला म्हटलं न सकाळी. त्या आयडीवर बँक होती. आता बँकेचं पत्र कुठं जात असंन?

---

नीलिमा_अमरावती · रात्री ८:३०

कुठेच नाही, परत जातं. जीमेल डिलीट केलेला पत्ता दुसऱ्याला देत नाही, तेवढं बरं. उद्या शाखेत जाऊन नवा लावून या. मागच्या साली नेमकं काय काय त्या पत्त्यावर होतं ते आठवून बघा, बँक एकटी नसेल.

---

कृषीकेंद्र_दारव्हा · शुक्रवार, दुपारी १:५०

खबर देतो. मेलचा पूर ओसरला. बुधवारी रात्रीपर्यंत आणखी दोनशे आले, काल साठ, आज सकाळपासून नऊ. मॅडमने मेसेज करून सांगितल्याप्रमाणे "confirm your subscription" वाल्या मेलसाठी फिल्टर लावला: इनबॉक्समध्ये न येता वेगळ्या खणात जातात. डिलीट लावलं नाही, न जाणो एखादा कामाचा असायचा. काल त्यात खत कंपनीच्या नव्या पोर्टलचं एक खरं पत्र निघालंच.

ॲपवाल्यांचं उत्तर आलं. चारपैकी एक गिफ्ट कार्ड वापरलं गेलं नव्हतं, ते रद्द करून १,००० परत वॉलेटमध्ये. बाकी तीन वापरली गेली, 'आमच्याकडून व्यवहार योग्य पासवर्डने झाला' म्हणे. १९३० वाल्यांकडून अजून काही नाही. वॉलेटमधली शिल्लक लगेच बँकेत घेतली.

पोराने त्याच्या सगळ्या ॲपची यादी पाठवली, एकूण १९. सातांवर तोच वाणवाला पासवर्ड. आज रात्री फोनवर बसून बदलणार आहोत.

---

सेतू_चिमूर · शुक्रवार, संध्याकाळी ६:१८

विंडोज टाकलं. दोन दिवस केंद्र बंद होतं, लोकं बोलले. फोटोचं सॉफ्टवेअर आता फुकटातलं टाकलं, क्रॅक नाही.

त्या पाचशे फॉर्मचं कोणाला काही माहीत असंन तर सांगा. तालुक्याला विचारलं, तर ते म्हणाले, लाभार्थ्याला घेऊन या.